ह्यांचा तो व्हिडिओ कुठे आहे? : घरच्या व्हिडिओंना नावं देताना

यशवंतपूरहून बोलतोय. मागच्या भागात आपण जुन्या टेपा संगणकावर कशा उतरवायच्या ते पाहिलं. त्यानंतर बऱ्याच जणांचा प्रश्न एकच होता: व्हिडिओ चढवले, आता घरच्यांना सापडत नाहीत, काय करू? आज तेवढंच बोलू. सुरुवात आमच्याच घरातल्या फजितीपासून करतो. घरातली नावं तेवढी बदलली आहेत.

माझी आत्या बेळगावला असते. तिचे यजमान गेल्यावर वर्षभराने तिचा फोन आला. म्हणाली, "अरे, ह्यांनी त्या वाढदिवसाला चकलीवरून सगळ्यांना हसवलं होतं, ते तुझ्याकडे आहे ना? मला एकदा ऐकायचंय." मी म्हटलं, आहे की, आत्ता पाठवतो. फोन ठेवला आणि लक्षात आलं की कुठे शोधायचं तेच मला माहीत नाही. आमच्या चॅनलवर तेव्हा साडेतीनशेच्या आसपास व्हिडिओ होते. त्यांची नावं अशी होती: `Omkar bday FINAL 2`, `MOV00047`, `Trip part 3`, `VID-20191027-WA0012`. आत्याने सांगितलेला एकही शब्द त्यात नव्हता.

तिने सांगितलेले शब्द नीट ऐका, कारण आजचा सगळा विषय त्यातच आहे. "ह्यांनी." "त्या वाढदिवसाला." "चकली." नवऱ्याचं नाव ती घेत नाही. वाढदिवस कोणाचा ते तिला धड आठवत नव्हतं, ओंकारचा असावा, चौथा किंवा पाचवा. आणि मुख्य म्हणजे तिला वाढदिवस नकोच होता. तिला त्या खोलीत कडेच्या खुर्चीवर बसलेला माणूस हवा होता.

मला तो चौथ्या संध्याकाळी सापडला. ओंकारच्या वाढदिवसाच्या अडतीस मिनिटांच्या चित्रणात, चौदाव्या मिनिटाला. केक कापून झालाय, मुलं पळतायत, मी कॅमेरा नुसता फिरवतोय आणि कोपऱ्यात काका बोलतायत. माझ्या लेखी तो व्हिडिओ ओंकारचा होता. आत्याच्या लेखी तो काकांचा होता. मी दिलेल्या नावात फक्त ओंकार होता.

तेव्हापासून आम्ही एक ठरवलं. शीर्षकात प्रसंग लिहायचा आणि वर्णनात माणसं लिहायची, कॅमेऱ्यासमोर आलेली सगळी. दोन्हीची कामं वेगळी आहेत. शीर्षक वाचून रांगेतला एक व्हिडिओ दुसऱ्यापासून वेगळा ओळखता आला पाहिजे. वर्णनातल्या शब्दांनी मात्र विसरलेल्या माणसाला तिथवर आणलं पाहिजे.

आधी शीर्षक. यूट्यूबवर शीर्षकाला शंभर अक्षरांची मर्यादा आहे, आणि देवनागरीत काना, मात्रा, अनुस्वार हेही वेगवेगळे मोजले जातात. शिवाय फोनवर यादी बघताना सुरुवातीचाच भाग दिसतो. म्हणून सगळ्यात कामाचं ते पुढे. आमचा क्रम असा: तारीख, माणूस, प्रसंग, ठिकाण.

```
2009-08-16 ओंकार वाढदिवस, 5 पूर्ण, यशवंतपूर घर
```

तारखेत वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. असं लिहिलं की कुठल्याही यादीत नावानुसार क्रम लावला तरी तो आपोआप काळाप्रमाणे लागतो. दिवस आधी लिहिलात तर सगळ्या वर्षांच्या एक तारखा एकत्र येऊन बसतात. महिन्याला आणि दिवसाला दोन आकडे हवेतच, आठ नाही, 08. आणि हे आकडे इंग्रजीत ठेवा. मला स्वतःला मराठी आकडे जास्त आवडतात, पण शोधणारा एका लिपीत आकडे टाकतो आणि आपण दुसऱ्या लिपीत लिहिलेले असतात, मग साधा शोध ते जुळवत नाही.

तारीख पक्की माहीत नसेल तर जेवढी माहीत आहे तेवढीच लिहा: `1998-05`, किंवा नुसतं `1998`. अंदाजाने एक जानेवारी टाकू नका. पाच वर्षांनी तो अंदाज होता हे तुम्हालाच आठवणार नाही.

आता "5 पूर्ण" का, ते सांगतो. आमच्याकडे "पाचवा वाढदिवस" नावाचे दोन व्हिडिओ होते. एकाला मी नाव दिलं होतं, एकाला माझ्या भावाने. माझ्या हिशेबात पाचवा म्हणजे पाच वर्षं पूर्ण झाली तो दिवस. भाऊ आजीसारखं मोजतो. पाचवं लागलं की पाचवा. म्हणजे त्याचा पाचवा २००८ चा आणि माझा पाचवा २००९ चा. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर आहे, आणि आपल्या भाषेत दोन्ही पद्धती रोज वापरात आहेत. म्हणून "कितवा" हा शब्दच काढला आणि "पूर्ण" लिहायला लागलो. तिथीने वाढदिवस करणारी मंडळी असतील तर तिथी वर्णनात लिहा, शीर्षकात त्या दिवसाची इंग्रजी तारीख असू द्या. तिथी दरवर्षी वेगळ्या तारखेला येते. नुसती तिथी लिहिली तर पंचांग उघडावं लागतं, नुसती तारीख लिहिली तर आजीला तो आपला वाढदिवसच वाटत नाही.

माणसाच्या नावाची गंमत याहून मोठी आहे. "मामाचा वाढदिवस" असं शीर्षक लिहिलंत तर तो कोणाचा मामा? नाती बघणाऱ्यागणिक बदलतात. माझे हे काका, म्हणजे आत्याचे यजमान, त्यांचं नाव इथे वसंत धरू. मी त्यांना काका म्हणतो. त्यांची मुलं बाबा म्हणतात. माझी आई भावजी म्हणायची, ओंकार बेळगाव-आजोबा म्हणतो आणि आत्या म्हणते "हे". पाच माणसं पाच शब्द शोधणार. म्हणून शीर्षकात नातं अजिबात लिहायचं नाही, घरात सगळ्यांना ठाऊक असलेलं नाव लिहायचं, आणि ते प्रत्येक वेळी तेच. कधी ओंकार, कधी ओमी, कधी छोटू असं नको. टोपणनावं वर्णनात जातील.

नातं वर्णनातही लिहायचं तर ते एकाच माणसापासून मोजा. आमच्याकडे ते आजीपासून मोजतो, कारण सगळे धागे तिच्याशी येऊन मिळतात. वसंत म्हणजे आजीचा मोठा जावई. असं लिहिलं की पुतण्यांना, भाच्यांना, नातसुनांना, सगळ्यांना तो माणूस एकच वाटतो. त्याच्यापुढे कोण काय हाक मारतं तेही लिहून टाका.

त्या वाढदिवसाचं वर्णन आज असं आहे:

```
ओंकार (ओमी, छोटू), जन्म 2004, 5 पूर्ण.
ठिकाण: यशवंतपूर, जुनं भाड्याचं घर, बेंगळुरू.
दिसतात: ओंकार; मालू (आजीची मोठी लेक, बेळगावची
आत्या); वसंत (आजीचा मोठा जावई, काका, बाबा,
बेळगाव-आजोबा); आजी; शेजारची मुलं.
फक्त आवाज: आई, स्वयंपाकघरातून.

0:00 फुगे, तयारी
6:40 औक्षण
9:15 केक
14:20 वसंतकाका चकलीची गोष्ट सांगतात
21:05 आजी पाळणा म्हणते

शब्द: Omkar birthday bday vadhdivas Vasant kaka
chakli ajji Yeshwanthpur Yesvantpur Bangalore
```

यात दोन-तीन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. "फक्त आवाज" ही ओळ मुद्दाम आहे. घरात जो माणूस चित्रण करतो किंवा स्वयंपाकघरात असतो, तो कधीच दिसत नाही, नुसता ऐकू येतो. आमच्या आईचे फोटो भरपूर आहेत, पण तिचं बोलणं असलेली चित्रणं मोजकीच. ती या ओळीमुळेच सापडतात. टेप बघताना डोळ्यांबरोबर कान उघडे ठेवा आणि आवाज ओळखू आला की तिथल्या तिथे लिहा. त्यातही आधी वयस्कर माणसांना शेजारी बसवून बघा. मला जे "कोणीतरी बाई" वाटत होत्या, त्यांचं नाव, गाव आणि माहेर आजीने एका दमात सांगितलं.

वेळांचे आकडे जसेच्या तसे इंग्रजीत लिहायचे. पहिली ओळ 0:00 अशीच हवी, किमान तीन वेळा हव्यात, त्या चढत्या क्रमाने आणि प्रत्येक तुकडा निदान दहा सेकंदांचा. एवढं जमलं की यूट्यूब व्हिडिओच्या पट्टीवर त्याचे भाग पाडून दाखवतं आणि आत्याला 14:20 वर बोट ठेवलं की थेट काका दिसतात. पट्टीवर भाग दिसत नसतील तर बहुतेक वेळा पहिली ओळ 0:00 ऐवजी 0:05 वगैरे असते.

आता ती शेवटची "शब्द" ओळ. आमच्याकडे तिसरी पिढी मराठी बोलते, पण शाळेत कन्नड आणि इंग्रजी शिकते. ओंकार देवनागरी वाचतो, टाइप मात्र करत नाही. तो `vadhdivas` लिहिणार, नाहीतर सरळ `bday`. आजीला तो `ajji` लिहितो, कन्नडसारखं. गावाच्या नावाचं तर विचारूच नका. आम्ही यशवंतपूर म्हणतो, कोणी यशवंतपुर असं ऱ्हस्व लिहितो, बोर्डांवर Yeshwanthpur असतं आणि रेल्वेच्या तिकिटावर Yesvantpur. नोव्हेंबर २०१४ मध्ये बंगलोरचं अधिकृत नाव बेंगळुरू झालं, बेळगावचं बेळगावी. जुनी माणसं जुनंच नाव टाकणार. तेव्हा बरोबर नाव कुठलं हा वाद वर्णनात घालू नका, लोक जे जे लिहितात ते सगळं एका ओळीत टाका. शीर्षकात मात्र एकच रूप ठेवा.

मंडळी, आता तारखेकडे परत येतो, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात आणि त्या लवकर कळतही नाहीत. यूट्यूबवर व्हिडिओखाली दिसते ती चढवल्याची तारीख. १९९८ ची टेप मी काल चढवली तर ती कालची दिसणार. व्हिडिओच्या तपशिलात रेकॉर्डिंग डेट म्हणून वेगळी जागा आहे, ती भरा, पण तिच्यावर विसंबू नका. शीर्षकातली तारीख कुठेही गेली तरी सोबत राहते.

ती तारीख आणायची कुठून? फोनच्या फायलीच्या नावात बऱ्याचदा असते. `VID_20191027_183012.mp4` असं नाव असेल तर २७ ऑक्टोबर २०१९, संध्याकाळी साडेसहा, हे बहुधा चित्रणाचंच. पण `VID-20191027-WA0012.mp4` मध्ये WA आलं की ती व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली फाइल. ती तारीख व्हॉट्सअ‍ॅपवर आल्या-गेल्याची, चित्रणाची नव्हे. २७ ऑक्टोबर २०१९ ला लक्ष्मीपूजन होतं. त्या दिवशी आमच्या ग्रुपवर कोणीतरी मागच्या वर्षीचा फराळाचा व्हिडिओ टाकला होता आणि मी तो दोन वर्षं २०१९ ची दिवाळी म्हणून जपला. पकडला तो आजीने. "त्या दिवाळीला ही साडी माझ्याकडे नव्हती, ती आधीच मालूला दिली होती."

दुसरी फसगत मध्यरात्रीच्या केकची. हल्ली रात्री बाराला केक कापतात. व्हिडिओ फायलीच्या आत जी वेळ नोंदली जाते ती बहुतेकदा जागतिक वेळ असते, भारताच्या साडेपाच तास मागे. काही प्रोग्राम ती तशीच दाखवतात. मग पंधरा तारखेला रात्री बारा वाजून पाच मिनिटांचा केक चौदा तारखेचा दिसतो. रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळातलं चित्रण असेल तर तारीख एकदा माणसाला विचारून घ्या.

जुन्या हँडीकॅमचं घड्याळ तर बॅटरी संपली की मागे जायचं. पडद्याच्या कोपऱ्यात १ जानेवारी दिसत असेल आणि अंगावर रेनकोट असतील तर घड्याळावर विश्वास ठेवू नका. अशा वेळी चित्रातच पुरावा शोधायचा. केकवरच्या मेणबत्त्या मोजा. भिंतीवर कालनिर्णय असेल तर चित्र थांबवून महिना वाचा. बाहेरचं काही दिसलं तर फारच उत्तम. आमच्या गच्चीवरून तुमकूर रस्ता दिसतो. यशवंतपूरची मेट्रो १ मार्च २०१४ ला सुरू झाली. एका व्हिडिओत मागे खांब उभे आहेत, पण वरून गाडी कधीच जात नाही, आणि दुसऱ्यात ओंकार मेट्रोकडे बोट दाखवतोय. दोन्हींवर तारीख नव्हती, पण दुसरा मार्च २०१४ नंतरचा, यात शंका उरली नाही. असा अंदाज कशावरून केला तेही वर्णनात एका ओळीत लिहावं. पुढे कोणाला पक्की तारीख सापडली तर सुधारता येते.

सहलींचं थोडक्यात. सहलीचे दहा-वीस तुकडे होतात आणि `Trip part 3` हे नाव सहल संपली की निरर्थक होतं. सहलीला एक ठरलेलं नाव द्या आणि प्रत्येक तुकड्यात ते तसंच ठेवा, पुढे त्या तुकड्यात काय आहे ते लिहा:

```
2018-12-23 हंपी सहल, दिवस 1, विरूपाक्ष मंदिर
2018-12-24 हंपी सहल, दिवस 2, विठ्ठल मंदिर, दगडी रथ
```

लोकांना सहलीतलं देवळाचं नाव आठवत नाही, तिथे काय झालं ते आठवतं. "आजीची चप्पल हरवली ती ट्रिप." म्हणून वर्णनात चप्पल हा शब्द हवाच. मी सहलीहून आल्यावर पहिल्या जेवणाला सगळे काय सांगून हसतात ते कागदावर लिहून घेतो. पुढे तेच शब्द शोधले जातात.

इतकं सगळं केलंत, आणि तरी नातेवाइकांना सापडलं नाही तर? सापडणारच नाही, आणि इथे बरेच जण अडखळतात. घरचे व्हिडिओ आपण प्रायव्हेट किंवा अनलिस्टेड ठेवतो. दोन्ही प्रकार यूट्यूबच्या शोधात येत नाहीत. तुम्ही मालक म्हणून स्टुडिओत शोधू शकता, आत्या तिच्या फोनवर शोधू शकत नाही. प्रायव्हेट म्हणजे तुम्ही ज्यांचे ईमेल टाकलेत तेच, तेही त्याच खात्याने आत गेले असतील तरच, बघू शकतात. वयस्कर माणसांचा गोंधळ इथेच होतो, फोनवर खातं नातवाचं असतं. अनलिस्टेड म्हणजे ज्याच्याकडे लिंक तो बघणार, आणि ती लिंक पुढे गेली की तुमचा ताबा सुटला. आम्ही लहान मुलांचे व्हिडिओ प्रायव्हेट ठेवतो, सहली आणि मोठ्यांचे प्रसंग अनलिस्टेड. मुलांच्या शाळेचं नाव, पूर्ण पत्ता हे वर्णनात लिहीत नाही.

म्हणून शोधण्यासाठी यूट्यूबच्या बाहेर एक यादी लागते. साधी गूगल शीट. एका ओळीत एक व्हिडिओ: तारीख, शीर्षक, कोण दिसतात, ठिकाण, शब्द, लिंक, आणि मूळ फाइलचं नाव. यातलं बहुतेक वर्णनातूनच उचलून चिकटवायचं. शीट फक्त घरच्यांना, फक्त बघण्यासाठी खुली करायची आणि तिची लिंक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच्या माहितीत ठेवायची, म्हणजे ती गप्पांच्या ढिगात बुडत नाही. फोनवर शीट उघडून तीन ठिपक्यांतून शोध घेतला, `chakli` टाकलं, की ओळ समोर येते.

मूळ फाइलचं नाव त्या यादीत का, तर लिंक कायमची नसते. १ जानेवारी २०१७ पूर्वी चढवलेले अनलिस्टेड व्हिडिओ यूट्यूबने २३ जुलै २०२१ पासून प्रायव्हेट केले, मालकांनी वेळेत नको म्हटलं नसेल तर. म्हणजे वर्षानुवर्षं जपलेल्या लिंका घरच्यांसाठी एका दिवसात बंद. घरातल्या डिस्कवर मूळ फाइल असेल आणि तिलाही तेच `2009-08-16` ने सुरू होणारं नाव असेल, तर नवी लिंक बनवून यादीत बदलायला पाच मिनिटं लागतात.

साडेतीनशे व्हिडिओंना हे सगळं करायला आम्हाला एक अख्खा पावसाळा गेला, रविवारचे दोन-दोन तास. एका वेळी सगळं करू नका. पहिल्या फेरीत नुसती तारीख आणि माणूस शीर्षकात टाका. दुसऱ्या फेरीत, आजी-आजोबा शेजारी असताना, कोण दिसतंय ते लिहा. वेळा शेवटी, आणि त्याही फक्त लांब व्हिडिओंना.

आत्या आता यादी स्वतः उघडते. शोधात ती काय टाकते ते मी मुद्दाम विचारलं. "चकली," म्हणाली. नाव अजून घेत नाही. गेल्या महिन्यात तिने मला उलट कळवलं की 21:05 ला पाळणा म्हणणारी आजी नाही, आजीची बहीण आहे. मी ते दुरुस्त केलंय. पुढच्या भागात मूळ फायली दोन डिस्कवर कशा ठेवायच्या आणि त्या वर्षातून एकदा कशा तपासायच्या ते बघू.